भाजीच्या तक्रारीचे पत्र: बिल, वजन आणि कापलेले वांगे

प्रश्न: ऑनलाइन मागवलेली भाजी सुकलेली आणि दबलेली आली. फोटो काढून ठेवले आहेत. पैसे परत मिळण्यासाठी कंपनीला तक्रारीचे पत्र कसे लिहायचे? ॲपवर नुसते सॉरी म्हणतात.

उत्तर:

फोटो कशाचे आहेत आणि भाजी आल्यावर किती वेळाने काढले आहेत, यावर तुमचे पैसे अवलंबून आहेत. मी दोन पत्रे लिहिली होती. भाजी तीच होती, कंपनी तीच होती. पहिले पत्र दुपारपर्यंत फेटाळले गेले आणि दुसऱ्या पत्राने पैसे मिळाले.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. माहेर वाळवा तालुक्यातले, नदीकाठचे. वडील वांगी आणि टोमॅटो करायचे आणि शाळेत असताना मी रोज पहाटे क्रेट भरायला बसत असे, त्यामुळे भाजी कुठे आणि केव्हा बिघडली हे मला हातात घेतल्यावर कळते. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून मंडईत जाणे जमत नाही, म्हणून ऑनलाइन मागवायला लागले. त्या दिवशी मेथीच्या दोन पेंड्या, एक किलो टोमॅटो, अर्धा किलो वांगी, दोन किलो बटाटे आणि एक दुधी असे मागवले होते. पिशवी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी आली. दुधी आणि बटाटे वर ठेवलेले होते आणि टोमॅटो तळाशी होते. भरणाऱ्याने जड माल वर ठेवला, तिथेच नुकसान झाले.

अकरा टोमॅटोंपैकी सात एका बाजूने सपाट झालेले होते. नुकताच दबलेला टोमॅटो फक्त मऊ लागतो, त्याचा रंग बदललेला नसतो आणि त्याचा त्याच दिवशी सार करता येतो. या सातांची साल चिरलेली होती, आतले पाणी पिशवीत उतरले होते आणि दोघांच्या देठाशी पांढऱ्या बुरशीचे तंतू दिसत होते. असे तंतू पंधरा मिनिटांत उगवत नाहीत, त्याला दिवस लागतात; म्हणजे निदान ते दोन टोमॅटो पिशवीत भरतानाच खराब होते. वांग्यांची साल वरून चमकत होती, पण बोट फिरवल्यावर बारीक खळगे लागत होते आणि देठावरची हिरवी टोपी काळवंडली होती. एक वांगे उभे चिरले तर आतला गर आणि बिया तपकिरी निघाल्या. वांगे फार थंडीत ठेवले की असे होते. वांग्याला दहा अंशांच्या खालची थंडी सोसत नाही, आणि शीतगृहातून बाहेर काढल्यावर एकदोन दिवसांनी तो बिघाड दिसू लागतो. कृष्णाकाठच्या वांग्यांच्या गावात असे वांगे घरी यावे, याचे मला फार वाईट वाटले.

मेथीच्या बाबतीत मात्र मी लगेच तक्रार केली नाही. कोमेजलेली पालेभाजी आणि नासलेली पालेभाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पत्र लिहिण्यापूर्वी त्या वेगळ्या कराव्या लागतात. पाणी कमी झाल्यामुळे मान टाकलेली मेथी गार पाण्यात देठ बुडवून अर्धा तास ठेवली की बरीच ताठ होते. एक पेंडी तशी झाली, आम्ही ती संध्याकाळी खाल्ली. दुसरी पेंडी ओली असतानाच प्लास्टिकमध्ये बांधलेली होती. तिची आतली पाने पिवळी पडली होती, देठ बुळबुळीत झाले होते आणि वास येत होता. ती पाण्याने सुधारण्यासारखी नव्हती.

घरी आलेली भाजी वजनकाट्यावर ठेवून पाहण्याची मला सवय आहे, त्यामुळे साडेदहापर्यंत माझ्याकडे आठ फोटो होते. तरीही पहिल्या पत्रात मी एकच फोटो जोडला, ताटात सगळी भाजी एकत्र ओतलेला, आणि दोन पाने भरून लिहिले की आम्ही किती विश्वासाने मागवतो आणि तुम्ही ग्राहकांशी कसे वागता. दुपारी उत्तर आले: ‘भाजीपाला नाशवंत असल्याने परत घेतला जात नाही.’ सोबत चाळीस रुपयांचे कूपन होते. त्या फोटोवरून कोणती भाजी, किती आणि कोणत्या ऑर्डरची हे काहीच कळत नव्हते, म्हणून चूक माझीच होती. रागाची दोन पाने वाचणाऱ्याला एकही आकडा देत नाहीत.

तेव्हा माझे धाकटे दीर समोर बसले होते. ते म्हणाले, “वहिनी, पंच्याऐंशी रुपयांसाठी एवढे पत्र कशाला लिहीत बसता? भाजी हातात घेऊन बघून घ्यायची असते, न बघता घेतली की हे व्हायचेच.” हा वाद आमच्या घरात तीन वर्षांपासून आहे. मला त्यांचे म्हणणे मुळीच मान्य नाही. मंडईत मी भाजी स्वतः निवडते, म्हणून तिथे निवडण्याची जबाबदारी माझी असते. ऑनलाइन घेताना निवडण्याचे काम विक्रेत्याने माझ्यासाठी केलेले असते आणि त्या निवडीचेही पैसे त्याने घेतलेले असतात. ज्याने निवडले त्याने जबाबदारी घ्यावी. जे लोक पायाने अधू आहेत, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांनी मंडईत जाऊन बघून घ्यावे असे सांगणे म्हणजे त्यांनी खराब माल मुकाट्याने घ्यावा असे सांगणे आहे.

त्याच संध्याकाळी दुसरे पत्र लिहिले. ते ॲपच्या चॅटवर न टाकता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला या अधिकाऱ्याचे नाव, पद आणि संपर्क ॲपवर दाखवावा लागतो. तो बहुधा अगदी तळाशी, अटींच्या पानावर सापडतो. पत्राचा मुख्य भाग असा होता:

‘विषय: ऑर्डर क्रमांक व दिनांक, खराब भाजीपोटी ८४ रुपये ७६ पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय, वरील ऑर्डर आज सकाळी ९.४० वाजता माझ्या घरी मिळाली. बटाटे, दुधी आणि मेथीची एक पेंडी यांबद्दल माझी तक्रार नाही. पुढील माल मिळाला तेव्हाच खराब होता. टोमॅटो: १ किलोपैकी ६२० ग्रॅम दबलेले, फुटलेले, दोहोंवर बुरशी (फोटो ३ व ४), दर ४८ रुपये किलो, रक्कम २९ रुपये ७६ पैसे. वांगी: अर्धा किलो, आतून तपकिरी (फोटो ५ व ६), रक्कम ३५ रुपये. मेथी: एक पेंडी, आतून नासलेली (फोटो ७), रक्कम २० रुपये. फोटो १ मध्ये बिल व न उघडलेली पिशवी, फोटो २ मध्ये पिशवी उघडल्यावर दिसलेली मांडणी आणि फोटो ८ मध्ये पाण्यात ठेवून सुधारलेली पेंडी आहे. सर्व फोटो ९.४० ते १०.३० या वेळेत काढलेले असून मूळ फाइल माझ्याकडे आहेत. दोषयुक्त मालाचे पैसे परत देण्यास नकार देता येत नाही, असे वरील नियम सांगतात. कृपया ही रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी. कूपन किंवा वॉलेटमधील रक्कम मला नको आहे.’

यातले फोटो ८ पाठवू नका असे मला मुलगी सांगत होती, कारण ते आपल्याच विरोधात जाते असे तिला वाटले. पण जे चांगले आहे ते चांगले म्हटल्यामुळे उरलेल्या मागणीवर संशय राहत नाही. याच कारणाने मी घरपोच पोहोचवण्याचा आकारही मागितला नाही. अर्धी ऑर्डर तर नीट आली होती. फोटोंमध्ये सगळ्यात उपयोगी पडला तो काट्यावर ठेवलेल्या सात टोमॅटोंचा, ज्यात काट्यावरचा आकडा आणि शेजारी बिलावरचा ऑर्डर क्रमांक एकत्र दिसतो, आणि त्याखालोखाल चिरलेल्या वांग्याचा. वरून चांगल्या दिसणाऱ्या वांग्याचा न चिरता काढलेला फोटो तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो.

दुसऱ्या दिवशी तक्रार क्रमांकासह पोच आली. नियमात पोच देण्यासाठी ४८ तास आणि तक्रार सोडवण्यासाठी तक्रार मिळाल्यापासून एक महिना दिलेला आहे. चौथ्या दिवशी फोन आला की पूर्ण रक्कम वॉलेटमध्ये देतो. मी नाही म्हटले आणि तेच उत्तर ईमेलवरही लिहून पाठवले. नवव्या दिवशी ८४ रुपये ७६ पैसे बँकेत जमा झाले. तो मेसेज मी दीरांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी आलेल्या सडक्या द्राक्षांचे फोटो मला पाठवून पत्र लिहून मागितले. द्राक्षे संध्याकाळी आली होती आणि फोटो दुसऱ्या दिवशी दुपारचे होते, शिवाय बिल सापडत नव्हते. ते पत्र मी लिहिले नाही.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. तक्रार किती तासांत करायची याची मुदत कंपनीच्या अटींत असते. ती आधी वाचा, कारण माझ्या वेळी मी त्या मुदतीच्या आत होते. बिलावर विक्रेत्याचे नाव आणि ॲपचे नाव वेगळे असेल तर पत्र दोघांनाही पाठवा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवून घेतले तर फाइलमधली वेळेची नोंद निघून जाते, म्हणून फोनमधली मूळ फाइलच ईमेलला जोडा. माल आणणाऱ्या मुलाला बोलू नका, त्याने पिशवी भरलेली नसते. महिन्यात काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करून तोच तक्रार क्रमांक सांगा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहे, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, पण तिथे तारखा पडतात आणि एका पिशवीसाठी मी स्वतः तिथपर्यंत गेले नसते.

तुमची भाजी आजच आली असेल तर वांगे किंवा दुधी आधी चिरून त्याचा फोटो घ्या आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत एकही फोटो पुसू नका.