दुपारी दोनला अडकणारं बिल

प्रश्न: बिलिंगचा कॉम्प्युटर रोज दुपारी हँग होतो, अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू होतो. व्हायरस असेल का? नवीन घ्यावा लागेल का?

उत्तर: आमच्या बाजारातल्या एका किराणा दुकानात अगदी हेच झालं होतं. मी गेलो तेव्हा काका हवालदिल झाले होते.

"अरे, उन्हाने तापत असेल. पंखा लावून बघितला, तरी तेच."

"काका, मागच्या आठवड्यातली बिलं दाखवा."

बिलावर वेळ छापलेली असते. सोमवारी २:०१ नंतर थेट २:४०. मंगळवारी २:०२ नंतर २:४३. बुधवारी दिवसभर पाऊस होता, तरी खंड दोनलाच.

"उष्णता घड्याळ बघत नाही, काका. दोनच्या ठोक्याला काहीतरी मुद्दाम सुरू होतंय."

दोन वाजेपर्यंत थांबलो. मग `Ctrl + Shift + Esc` दाबून `Task Manager` उघडला. `CPU` जेमतेम १५ टक्के, पण `Disk` १००. त्या रकान्यावर क्लिक केल्यावर सगळ्यात वर आलं अँटिव्हायरसचं नाव. बसवणाऱ्याने दुपारी दुकान बंद असेल असं धरून रोजचा फुल स्कॅन दोनला लावला होता.

"म्हणजे व्हायरस नाही, व्हायरस शोधणारा नडतोय?"

"हो. तुमची हार्ड डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची. स्कॅनला हजारो बारीक फायली वाचायच्या असतात आणि प्रत्येकीसाठी डिस्कची सुई जागा बदलते. त्या गर्दीत तुमच्या बिलाची फाईल ताटकळते."

"गोदामात एकच पोऱ्या, आणि दहा जण ओरडतायत!"

"तसंच. त्या वेळी तुम्ही काय करता?"

"बटण दाबून धरतो, बंद करतो."

मला धास्ती याचीच होती. बिल लिहिलं जात असताना वीज तोडली की स्टॉकची फाईल खराब होऊ शकते. मग खरंच रडायची वेळ. म्हणून आधी पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला.

स्कॅन बंद केला नाही, आठवड्यातून एकदा, सोमवारी रात्री शटर पाडल्यावर लावला. त्या रात्री मशीन चालू ठेवायचं, कारण बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये चुकलेला स्कॅन सकाळी मशीन लावताच सुरू होतो. रोजचं संरक्षण मागे चालूच राहतं.

"नवीन कॉम्प्युटर?"

"नको. पुढे जमलं तर फक्त एसएसडी टाका. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे हा खोळंबा जवळपास जातो."

तुम्हीही आधी बिलांच्या वेळा ताडून बघा. खंड रोज ठरल्या वेळी असेल तर `Disk` बघा. `Disk` सोबत `Memory` पण नव्वदच्या वर असेल, तर रॅम कमी पडतेय. वेळ रोज बदलत असेल आणि कडक उन्हात जास्त होत असेल, तर कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ काढून घ्या.