कंटूर जवळजवळ म्हणजे चढ उभा, पण टेकडी का दरी ते आकड्यांवरून

प्रश्न: आतेभावानं साताऱ्याकडच्या एका जागेच्या कंटूर स्केचचा फोटो पाठवलाय, टोपोशीटवरनं ग्राफपेपरवर हातानं उतरवलेलं आहे. काही ठिकाणी रेषा एकदम चिकटून आहेत, काही ठिकाणी लांब लांब. अंतर बघून टेकडी कुठली, दरी कुठली आणि उभा उतार कुठला हे कसं ठरवायचं? मी सांगलीचा, आमच्याकडं सगळं सपाट.

उत्तर:

कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, तिच्यावरचा आकडा म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. रेषांमधल्या अंतरावरनं फक्त उतार किती ते कळतं. तो उतार वर चाललाय का खाली, हे अंतर सांगत नाही. टेकडी आणि खड्डा दोन्हीची गोल गोल कडी अगदी सारखी दिसतात, त्यामुळं नुसतं अंतर बघून टेकडी-दरी ठरवायला गेलात तर निम्म्या वेळा फसणार. अंतराकडं नंतर येऊ, आधी आकडे बघायचे.

एकदा मे महिन्यात कण्हेर नाहीतर उरमोडी धरणाच्या काठावर येऊन जा, मग हे डोक्यात पक्कं बसतंय. पाणी टप्प्याटप्प्यानं उतरतं तसे काठाच्या मातीवर पट्टे उमटतात, प्रत्येक पट्टा म्हणजे त्या दिवशीची पाण्याची लेव्हल, म्हणजेच एक कंटूर. काठ निवांत उताराचा असेल तिथं दोन पट्ट्यांत भरपूर अंतर, काठ उभा असेल तिथं पट्टे एकाला एक चिकटलेले. आणि जिथं ओढा येऊन धरणाला मिळतो तिथं पाण्याची कड ओढ्यातनं आत, वरच्या अंगाला घुसलेली असते. याउलट डोंगराची सोंड पाण्यात उतरलेली असेल तिथं कड सोंडेला वळसा घालून पाण्याच्या बाजूला बाहेर येते. नकाशावर हेच बघायचं: रेषेचं टोक मोठ्या आकड्याकडं घुसलंय तर ओढा किंवा दरी, लहान आकड्याकडं बाहेर आलंय तर सोंड.

आता तुमच्या फोटोचं बघू. दोन जाड रेषा आहेत, खालच्या जाडीवर ७०० आणि वरच्या जाडीवर ८००, मधे चार बारीक रेषा. इथं हमखास चूक होते, चार रेषा दिसल्या की लोक १०० ला ४ नं भागतात आणि दोन रेषांतला उंचीचा फरक २५ मीटर म्हणून मोकळे होतात. रेषा चार पण मोकळ्या जागा पाच, म्हणून १०० भागिले ५ म्हणजे २० मीटर. १:५०,००० च्या टोपोशीटवर आपल्या भागात बहुतेक २० मीटरच असतं आणि दर पाचवी रेषा जाड काढतात, त्यामुळं हा हिशेब जुळला.

डाव्या बाजूला रेषांना जी टोकं आलीयत ती सगळी ८०० कडं तोंड करून आहेत, तिथं दरी आहे. त्या टोकांना छेदून एक रेघ गेलीय बघा, ती कंटूर नाही, ती ओढ्याची रेघ. कंटूर एकमेकांना कापत नाहीत. जी रेघ बाकीच्या रेषांना कापत जाते ती ओढा, नाहीतर पायवाट, नाहीतर रस्ता. मूळ टोपोशीटवर कंटूर तपकिरी आणि ओढ्याची रेघ निळी किंवा काळी असते त्यामुळं गोंधळ होत नाही, पण पेन्सिलनं उतरवलं की सगळं एका रंगाचं होतं. उजवीकडं खाली जी टोकं आहेत ती ७०० कडं आलीयत, ती सोंड.

यात मी स्वतः आपटलोय म्हणून एवढं लांबण लावतोय. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात पाणलोटाचं काम चाललेलं, माझ्याकडं अशाच स्केचचा फोटो. मी कागदाच्या खालच्या बाजूला वळलेली टोकं बघितली, खाली म्हणजे दरी असं धरलं आणि दोन मातीबांधांच्या जागा ठोकून दिल्या, आकडे वाचायचे कष्ट घेतले नाहीत. सकाळी चुन्याची पिशवी घेऊन जाग्यावर गेलो तर पायाखाली मुरमाची धार, दोन्ही बाजूंनी जमीन खाली गेलेली, ओढ्याचा पत्ता नाही. बरोबर आलेले एक आजोबा म्हणाले, "पाणी हितनं न्हाई जात, पाणी त्या अंगानं जातंय," आणि काठीनं डावीकडं दाखवलं. त्या दिवसापासून कागदाच्या वर-खालीवर माझा विश्वास नाही, आकड्याच्या वर-खालीवर आहे.

आकड्यांचीसुद्धा एक गंमत आहे. तुम्ही पाठवलेला फोटो उलटा लोड झाला होता, मी आधी तसाच बघितला तर वरच्या कड्यात एका टिंबाशेजारी इंग्रजी आकड्यांत ९८८ दिसलं. फोटो फिरवल्यावर ते ८८६ झालं! आता खरं कुठलं? कड्यांची मोजणी करा. ८०० च्या जाड रेषेच्या आत ८२०, ८४०, ८६०, ८८० अशी चार कडी आहेत आणि त्यानंतर काही नाही. माथा ९८८ असता तर ९०० पासून ९८० पर्यंत आणखी पाच कडी लागली असती. म्हणजे ८८६ बरोबर, आकडे आतल्या बाजूला वाढतायत, म्हणजे ही टेकडी. (आत कमी होत गेले असते तर खड्डा. छापील नकाशात अशा खड्ड्याच्या रेषेला आतल्या बाजूनं बारीक दाते काढतात, हातानं उतरवणारा ते हटकून विसरतो.)

या टेकडीचं शेवटचं कडं मोठं आणि आत नुसतं रिकामं आहे, आणि बाहेरच्या बाजूला रेषांचा जुडगा. सांगलीकराला रिकामी जागा म्हणजे काहीतरी काढायचं राहिलं असं वाटेल, पण तसं नाही. हे आपलं साताऱ्याचं नेहमीचं ध्यान, अजिंक्यतारा खालनं बघा किंवा यवतेश्वर चढून कासकडं जाताना बघा, बाजूनं उभं आणि वर टेबलासारखं सपाट. रिकाम्या जागेचा अर्थ एवढाच की तिथली चढउतार २० मीटरच्या आत आहे.

आता अंतर आणि उभा उतार. फोटोत सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. स्केचच्या खाली १:५०,००० लिहिलंय ते कागदासाठी खरं, मोबाईलच्या स्क्रीनसाठी नाही, तुम्ही बोटांनी झूम केलं की ते प्रमाण संपलं. शिवाय भावानं फोटो टेबलाच्या एका बाजूनं तिरका काढलाय, जवळचा भाग मोठा आणि लांबचा भाग दबलेला. दबलेल्या भागात रेषा आपोआप जवळ येतात आणि नसलेला कडा दिसायला लागतो.

नशीब चांगलं की स्केच ग्राफपेपरवर आहे. कागदावर एक सेंटीमीटरचा चौकोन म्हणजे जाग्यावर ५०० मीटर, आणि फोटो कितीही तिरका असला तरी चौकोन ५०० मीटरचाच राहतो. मी लॅपटॉपच्या स्क्रीनवर पट्टी लावली. फोटोच्या खालच्या भागात चौकोनाची उंची २० मिलीमीटर भरली आणि वर टेकडीपाशी फक्त १०. कागदावर दोन्ही चौकोन सारखेच, पण फोटोत वरचा चौकोन निम्म्यानं चपटा झालेला.

खाली ७०० आणि ७२० मधलं अंतर ४ मिलीमीटर, चौकोन तिथला २०, म्हणजे चौकोनाचा पाचवा हिस्सा, १०० मीटर. १०० मीटर आडवं जाताना २० मीटर चढ, म्हणजे २० टक्के, साधारण ११ अंश.

वर ८०० पासून ८८० पर्यंतचा अख्खा जुडगा स्क्रीनवर ४ मिलीमीटरचा. चार मोकळ्या जागा, ८० मीटर उंची. तिथला चौकोन १० चा, म्हणून ४ मिलीमीटर म्हणजे २०० मीटर. २०० मीटरात ८० मीटर, म्हणजे ४० टक्के, साधारण २२ अंश. चांगलाच चढ आहे, दम लागणार, पण कडा नाही. हेच जर तुम्ही खालच्या २० च्या चौकोनानं मोजलं असतं तर २०० च्या जागी १०० मीटर आले असते आणि उतार ८० टक्के, जवळजवळ ३९ अंश निघाला असता. डोळ्याला तर वरच्या रेषा खालच्यापेक्षा चौपट दाट दिसतात, खरा उतार दुप्पटच आहे. अंदाजासाठी सांगतो, घाटातला रस्ता साधारण २० ला १ असा काढतात, म्हणजे ५ टक्के. त्यामुळं खालचा २० टक्केवालासुद्धा गाडीनं सरळ चढायचा उतार नाही.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. पट्टी रेषांना काटकोनात लावायची, तिरकी लावली की अंतर उगाच जास्त येतं आणि उतार कमी निघतो. आणि ज्या दिशेनं अंतर मोजताय त्याच दिशेनं शेजारचा चौकोन मोजायचा, कारण तिरक्या फोटोत चौकोनाची रुंदी आणि उंची सारखी दबत नाही, तुमच्याच फोटोत वरच्या चौकोनाची रुंदी १४ आहे आणि उंची १०.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो, हे ४० टक्के सरासरी आहेत. आपले डोंगर एकावर एक बसलेल्या लाव्हाच्या थरांचे, कठीण काळा थर उभा कापल्यासारखा राहतो आणि मऊ थर झिजून पायरी होते. १५ मीटरचा सरळ काळा कडा दोन कंटूरच्या मधे आरामात लपतो, नकाशावर त्याचा मागमूस नाही. म्हणून जुडग्याच्या जागेतनं वाट काढायची असेल तर स्केच बघून ठरवू नका, जाग्यावर जावंच लागतं. आणि हातानं उतरवताना पेन्सिल अर्धा मिलीमीटर हलली तरी जमिनीवर २५ मीटर सरकतात. त्या जुडग्यात कागदावर दोन रेषांत सरासरी एकच मिलीमीटर आहे, तिथं हा फरक लहान नाही.

भावाला म्हणावं कागद जमिनीवर ठेवून बरोबर वरनं, चारी कोपरे दिसतील असा एक फोटो काढ, आणि जमलं तर ज्यावरनं उतरवलं त्या मूळ शीटचा पण पाठव. डावीकडच्या ओढ्याच्या वरच्या टोकाला ७६० आणि ७८० या दोन रेषा मला एकमेकीत मिसळल्यासारख्या दिसतायत. तिथं धबधब्यासारखा कडा आहे का भावाचा हात घसरलाय, ते मूळ शीट बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.