थीसिसच्या शीट्स पोर्टफोलिओत तशाच लावू नकोस

“ताई, मी पुण्यात बी.आर्क.च्या पाचव्या वर्षाला आहे. नेदरलँड्समध्ये मास्टर्सला अर्ज करणारे. माझा थीसिस रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या मासळी बाजारावर आहे. ए-वन शीट्स तयार आहेत, रेंडर्सही छान झालेत. त्याच शीट्स पोर्टफोलिओत लावल्या तर चालेल का? बाकी काय काय घालू?”

नाही चालणार. ए-वन शीट 841 बाय 594 मिलिमीटर असते आणि ए-फोर 297 बाय 210. म्हणजे प्रत्येक रेघ, प्रत्येक अक्षर जवळपास 2.8 पट लहान होतं. 10 पॉइंटचा मजकूर साडेतीन पॉइंटचा होतो आणि भिंतीतलं हॅच काळपट डागासारखं दिसतं. शिवाय कॉलेजच्या ज्युरीत तू शीटशेजारी उभी राहून समजावतेस. इथे तुझी फाइल कोणीतरी लॅपटॉपवर एकटं बसून बघणार, तेही इतर अर्जांच्या ढिगातून. म्हणून ए-फोर आडव्या पानासाठी ड्रॉइंग्ज नव्याने बसव: मापं, ग्रिडच्या रेषा, खोल्यांचे क्रमांक काढून टाक, आणि कापलेल्या भिंती-स्लॅब ठळक ठेवून मागचं सगळं बारीक रेघेत घे. ‘1:100’ असं लिहू नकोस, स्क्रीनवर त्याला काही अर्थ उरत नाही. त्याऐवजी स्केल बार टाक.

आता तुझा मासळी बाजार. नेदरलँड्समधल्या प्राध्यापकांनी मिरकरवाडा पाहिलेला नाही, त्यामुळे इमारतीआधी तिथला व्यवहार दाखवायला हवा. बोटीतून मासळी उतरते, लिलाव होतो, बर्फात भरली जाते, काही टेम्पोत चढते आणि काही विक्रेत्या बायकांच्या पाट्यांत जाते. हे सगळं एका लांब सेक्शनमध्ये येऊ दे: धक्का, लिलावाची फरशी, तिचा गटाराकडचा उतार, बसायचा ओटा, वरचं छप्पर, पलीकडचा रस्ता. माणसं काढ, पाट्या काढ, पाणी कुठून कुठे वाहतं ते एका रंगात दाखव. हा सेक्शन दोन पानांवर आडवा पसरला तरी हरकत नाही. माझ्या मते तुझ्या अख्ख्या पोर्टफोलिओतलं सगळ्यात बोलकं ड्रॉइंग हेच ठरेल.

त्याच्या आधीच्या पानावर एकच प्रश्न लिही, दोन-तीन वाक्यांत. मला सुचतो तो असा: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, मग ते दोन महिने एवढी मोठी जागा काय करते? जाळी विणायला, सुकी मासळी विकायला दिली, तर ओट्यांची रचना बदलते का? असा प्रश्न असला की पुढची प्रत्येक रेघ कशाला उत्तर देतेय ते वाचणाऱ्याला कळतं. ‘कोकणच्या संस्कृतीचं प्रतीक’ वगैरे कॉन्सेप्ट स्टेटमेंट मात्र काढून टाक.

सोडून दिलेला पर्यायही दाखव. हे आपल्याकडे कोणी करत नाही, फायनल डिझाइनच तेवढं दाखवतात. समजा पहिल्या मॉडेलमध्ये छपराची उघडी बाजू समुद्राकडे होती. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा निघतात तेव्हा पाऊस असतोच, आणि नैऋत्येचा वारा तो थेट लिलावाच्या फरशीवर आणणार. म्हणून तू उघडी बाजू फिरवलीस. दोन कागदी मॉडेल्सचे फोटो शेजारी शेजारी, खाली एवढंच वाक्य. विचार कसा बदलला, हे समितीला यातून दिसतं. रेंडर एकच ठेव, माणसाच्या नजरेच्या उंचीवरून घेतलेलं. सूर्यास्ताचं बर्ड्स आय नको.

थीसिसशिवाय तीन प्रोजेक्ट्स पुरेत. दहाही सेमिस्टर्सची हजेरी लावली, तर सगळ्यात कच्चं कामच लक्षात राहतं. सेटलमेंट स्टडी असेल तर जरूर घाल. गावातली घरं टेपने मोजून हाताने काढलेली ड्रॉइंग्ज ही आपली खरी जमेची बाजू आहे. ते किंवा आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या नासा संघटनेच्या ट्रॉफीचं काम गटाचं असेल, तर पानावरच लिही: ‘सहा जणांचा गट, मोजणी आणि सेक्शन माझे’. इंटर्नशिपच्या वर्किंग ड्रॉइंग्जसाठी ऑफिसची लेखी परवानगी घे आणि तू नेमकं काय काढलंस तेवढंच सांग. एखादा जिन्याचा डिटेल बास.

पानांची आणि एमबीची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, आणि दरवर्षी बदलू शकते. अर्जाच्या पानावर बघूनच कापाकापी कर. पीडीएफ करताना ड्रॉइंग्ज व्हेक्टरच राहू देत, फक्त फोटो 150 पीपीआयवर उतरव. साइज कमी करायला अख्खी फाइल ऑनलाइन कॉम्प्रेसरमध्ये टाकलीस, तर बारीक रेघा फुटू शकतात.

सगळं झालं की आर्किटेक्चरशी संबंध नसलेल्या मैत्रिणीला सेक्शनचं पान अर्धा मिनिट दाखव आणि काय कळलं ते विचार. ‘मासळी इथून येते, पाणी तिकडे जातं’ एवढं तिला सांगता आलं नाही, तर रेघांची जाडी पुन्हा तपास.