प्रकाशसंश्लेषणाचा उतारा आठवीसाठी

प्रश्न: बीएस्सीच्या पुस्तकातला प्रकाशसंश्लेषणाचा परिच्छेद आठवीच्या मुलांसाठी सोपा कसा करू?

एटीपी, केल्विन चक्र खुशाल गाळा. कशापासून काय बनतं, ते मात्र बदलू नका. ‘झाड कार्बन डायऑक्साइडचा ऑक्सिजन करतं’ हे वाक्य सोपं आहे, पण साफ चूक. ऑक्सिजन पाण्यातून सुटतो. मी असं लिहीन:

‘पानातलं हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषतं. त्या ऊर्जेने पाण्याचं विघटन होतं आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. पाण्यातला हायड्रोजन आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून पान साखर बनवतं.’

‘अंधारातली अभिक्रिया’ हा शब्द तर टाळाच. मुलं हमखास समजतात की साखर रात्री बनते. मसुदा झाला की एखाद्या मुलाला वाचायला देऊन विचारा, ऑक्सिजन कुठून आला? ‘हवेतून’ म्हणाला, तर दुसरं वाक्य पुन्हा लिहा.