रंकाळ्याच्या फोटोला टील-ऑरेंज देताना

भावा, शालिनी पॅलेसचा तुझा संध्याकाळचा फोटो सगळाच निळा पडलाय, कारण टील तू व्हाइट बॅलन्समधून आणलास. त्यात आभाळाचा केशरीपणाही गेला. व्हाइट बॅलन्स आधी मूळ जागी आण. मग लाइटरूमच्या कलर ग्रेडिंगमध्ये शॅडोजचा ह्यू 200 च्या आसपास आणि सॅच्युरेशन 15 ठेव. हायलाइट्सचा ह्यू 40, सॅच्युरेशन 12. बॅलन्स उजवीकडे सरकवला की केशरी छटा मधल्या टोनपर्यंत उतरते. तुझ्या फ्रेममध्ये गडद पाणीच जास्त आहे, म्हणून थोडा उजवीकडेच बरा. नजर राजवाड्याच्या काळ्या दगडावर असू दे. तो शाईसारखा निळा दिसायला लागला की शॅडोजचं सॅच्युरेशन जास्त झालं समज. काठावरची झाडं मात्र यानं सुधारत नाहीत; त्यांचा हिरवा कलर मिक्सरमधून जरा पिवळ्याकडे ने.