मोडकी मराठी आणि बरळणं

प्रश्न: आमच्याकडे रावेरला राहायला आलेला इंग्लंडचा पाहुणा मराठी शिकतोय. त्याने वहीत लिहिलं, ‘मी काल बाजारमध्ये गेलो, केयी घेतलो. मी केयी खूप आवडतो.’ काका म्हणतात, हे नुसतं बरळणं आहे. मला तसं वाटत नाही, पण त्यांना पटवून देता येत नाही. तुम्ही काय म्हणाल?

काकांना आधी क्रियापदं कुठे आहेत ते दाखवा. गेलो, घेतलो, आवडतो ही तिन्ही आपापल्या वाक्याच्या शेवटी आहेत. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येतं, म्हणजे ही रचना पाहुण्याने घरून आणलेली नाही, इथेच शिकली आहे. ‘गेलो केयी मी बाजार आवडतो घेतलो’ असं त्याने लिहिलं असतं तर काकांचं म्हणणं मान्य करावं लागलं असतं.

आता ‘केयी घेतलो’ घ्या. आपण ‘मी केळी घेतली’ म्हणतो, कारण सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की ते कर्त्याकडे न बघता कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. पाहुण्याचा नियम वेगळा आहे: बोलणारा पुरुष असेल तर शेवटी ‘लो’. हा नियम त्याला मराठीनेच दिला. मी गेलो, मी आलो, मी झोपलो ही तर झालीच, पण ‘मी मराठी शिकलो’, ‘मी तुझं नाव विसरलो’, ‘मी चहा प्यालो’ यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्याप्रमाणेच आहे. अशी मोजकी क्रियापदं अपवाद आहेत हे आपण लहानपणापासून ऐकून पचवलेलं असतं. त्याला मात्र तोच नियम वाटला आणि त्याने तो ‘घेणे’लाही लावला.

‘बाजारमध्ये’चीही तीच गोष्ट. त्याच्या कानावर दिवसभर रावेरला, जळगावला, भुसावळला असं पडतं. तिथे मूळ शब्द जसाच्या तसा राहतो आणि प्रत्यय चिकटतो. सामान्यरूप करावं लागतं, म्हणजे बाजाराला, बाजारात, बाजारामध्ये होतं, हे त्या गावांच्या नावांवरून कळायला मार्ग नाही. तो धुळ्याला राहिला असता तर ‘धुळे’चं ‘धुळ्या’ होताना रोज ऐकलं असतं आणि कदाचित हे लवकर लक्षात आलं असतं.

‘मी केयी आवडतो’ मात्र त्याच्या मातृभाषेतून आलं आहे. इंग्रजीत आवडणारी वस्तू कर्म असते आणि ज्याला आवडते तो कर्ता. मराठीत केळी कर्ता होतात आणि आपण ‘मला’ होऊन बाजूला बसतो.

आणि ‘केयी’ ही तर चूकच नाही. अहिराणीत आणि तुमच्या भागातल्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. पाहुण्याने आसपास जे ऐकलं तेच कान देऊन लिहिलं. प्रमाण मराठीत ‘केळी’ लिहितात हे त्याला सांगा, पण ‘घेतलो’च्या पंक्तीत हे बसवू नका.

१९६७ साली पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने हाच मुद्दा मांडला होता: शिकणाऱ्याच्या नियमित चुका हा त्याच्या मनात तयार होत असलेल्या व्याकरणाचा पुरावा असतो, आणि थकव्याने किंवा घाईने झालेली चूक त्यापासून वेगळी काढावी. पुढे १९७२ साली लॅरी सेलिंकरने अशा अधल्यामधल्या व्यवस्थेला दिलेल्या नावाला मराठीत आंतरभाषा म्हणता येईल.

पण एवढ्या दोन वाक्यांवरून मी पैज लावणार नाही. ‘घेतलो’ एकदाच आलं आहे, ती हाताची चूकही असू शकते. काकांना पटवायचं तर पुढची चूक आधीच सांगून बघा. पाहुण्याला कालचा दिवस लिहायला सांगा. त्यात वाचणे, झोपणे, दुकान हे शब्द यावेत एवढंच बघा. माझा अंदाज असा की तो ‘मी पुस्तक वाचलो’ आणि ‘दुकानमध्ये’ लिहील, आणि ‘मी झोपलो’ बरोबर लिहील, कारण तिथे त्याचा नियम आणि आपला नियम जुळतो. बरळण्यात कुठे चुकणार आणि कुठे बरोबर येणार हे असं आधी सांगता येत नाही.

‘मी काम केलं’ त्याने बरोबर लिहिलं तर गोंधळू नका. ‘केलं’ इतक्यांदा कानावर पडतं की ते अख्खं पाठ होतं, नियम कळण्याच्या आधीच. उलट एकाच पानावर वाचलो, वाचली, वाचले असं कशाचा कशाला मेळ नसलेलं आलं, तर त्या जागी त्याचा नियम अजून बनलेला नाही आणि तो अंदाजाने ठोकतोय, असं समजा. तेवढ्या जागेपुरतं काकांचं बरोबर ठरेल.