रिपोर्टमधला आकडा नाही, रंगवलेली वाक्यं बघ

वारीवरचा थिसिस आहे ना, मग साहित्यचोरी तपासणीच्या रिपोर्टमधे २२ टक्के साम्य बघून घाबरू नकोस, आधी अभंग आणि संदर्भसूची बाजूला काढ. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत संदर्भ देऊन केलेलं उद्धृत आणि संदर्भसूची मोजत नाहीत, आणि दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण खरी भीती रिपोर्टला न दिसणाऱ्या वाक्यांची.

समज, पुस्तकात असं वाक्य आहे, "वारी ही जातिभेद विसरायला लावणारी सामूहिक साधना आहे", आणि तू लिहिलंस "वारी ही जातीचा भेद विसरायला भाग पाडणारी सामुदायिक उपासना होय". शब्द बदलले, सांगाडा तोच, सॉफ्टवेअर बहुतेक सोडून देईल पण परीक्षक नाही. इंग्रजी पुस्तकातून मराठीत उतरवलेले परिच्छेद तर सहसा सापडतच नाहीत, माझ्या पहिल्या ड्राफ्टमधे असे दोन निघाले होते, नोट्स काढताना पान नंबर लिहिला नव्हता म्हणून.

म्हणून प्रत्येक परिच्छेद मूळ पुस्तकाशेजारी ठेवून वाच. वाक्यांचा क्रम तोच दिसला की पुस्तक मिटव, अर्थ आठवून परत लिही, "अमुक यांच्या मते" जोड आणि पान नंबर दे. "साधना" हा शब्दच मुद्द्याचा असेल तर सरळ अवतरणात घाल, उगाच "उपासना" करू नकोस, धर्माच्या अभ्यासात त्याने अर्थच बदलतो.